मोफत डोळे तपासणी आठवडा: पोस्टर बघून पालक जे विचारतात त्याची उत्तरं

पोस्टरवर जे छापलंय ते आधी इथे देते, कारण बऱ्याच जणांनी बसस्टँडवर घाईत वाचलंय आणि अर्धंच लक्षात राहिलंय.

एक डोळा झाका. आता वाचा.
शाळेत जाणाऱ्या मुलांची डोळे तपासणी, आठवडाभर मोफत. वय ५ ते १५.
सोमवार ते शनिवार, सकाळी ९.३० ते १, दुपारी ३.३० ते ७.
नंबरची चिठ्ठी तुमच्या हातात. चष्मा कुठूनही करा.

पोस्टर लागल्यापासून दुकानात आणि फोनवर तेच तेच प्रश्न येतायत म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून टाकली. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळ्यांची डॉक्टर नाही. हा फरक कुठे महत्त्वाचा आहे तेही खाली येईलच.

"एक डोळा झाका" एवढंच मोठ्या अक्षरात का? नंबर, चष्मा, मोबाईल याबद्दल काहीच नाही?

कारण जे पालकांच्या नजरेतून हमखास सुटतं ते हेच आहे. दोन्ही डोळे कमजोर असले की ते मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवून आणतं, टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसतं, डोळे बारीक करून बघतं, मग टीचर तरी सांगतात नाहीतर आजी तरी म्हणते की ह्याला दाखवा एकदा. ते मूल आज ना उद्या सापडतंच. पण एक डोळा चांगला आणि दुसरा कमजोर असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही, चांगला डोळा सगळं काम करतो, मूल वाचतं, क्रिकेट खेळतं, सायकल चालवतं, वर्गात पहिलं पण येतं. दोन डोळ्यांनी कसं दिसायला हवं हे त्याला माहीतच नसतं, मग ते तक्रार कशाची करणार?

हे कळायचा सोपा उपाय म्हणजे चांगला डोळा झाकणं. म्हणून पोस्टरवर तेच.

माझी मुलगी कधीच तक्रार करत नाही, मार्कही छान आहेत, तरी आणू का?

आणा. का ते एका मुलीवरून सांगते, नाव-गाव सांगत नाही.

ती दुसरीत होती, सात वर्षांची. तपासायला खरं तर तिचा मोठा भाऊ आला होता, ही नुसती आईबरोबर आलेली, खुर्चीवर बसून पाय हलवत होती. भावाचं झालं तेव्हा मी म्हटलं हिचंही बघून घेऊ, आई म्हणाली अहो हिला काहीच नाही, ही तर लांबून बसची पाटी वाचते. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत भराभर वाचला. डावा झाकला, उजव्याने वाचलं, ६/६. मग उजवा झाकला आणि ती एकदम वेगळीच झाली. आधी हसली, मग मान वाकडी केली, मग माझा हात बाजूला सारायला लागली, मग बोटांच्या फटीतून बघायचा प्रयत्न. आई तिला रागावली की मस्ती करू नको. ती मस्ती नव्हती, तिला त्या डोळ्याने खरंच दिसत नव्हतं आणि ते शब्दांत कसं सांगायचं हे तिला कळत नव्हतं. डाव्या डोळ्याने ६/२४ च्या ओळीवर गाडी थांबली. म्हणजे चांगली नजर २४ मीटरवरून जे अक्षर वाचते ते वाचायला तिला ६ मीटरवर यावं लागत होतं.

मग तिच्या डाव्या डोळ्यापुढे बारीक भोकाची काळी चकती धरली. साधी वस्तू आहे पण खूप काही सांगते. फक्त नंबरमुळे धूसर दिसत असेल तर त्या भोकातून बघितलं की बऱ्याच ओळी सुधारतात. हिची एकच ओळ सुधारली, ६/१८. तेव्हाच माझ्या मनात आलं की हा नुसता चष्म्याचा विषय नाही, डोळा आळशी झालाय. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

आळशी डोळा म्हणजे तिरळेपणा का?

नाही. तिरळेपणामुळे डोळा आळशी होऊ शकतो, पण या मुलीचे डोळे अगदी सरळ होते, फोटोत बघितलं तर कुणाला शंका येणार नाही.

तिचं काय झालं होतं ते सांगते. दोन्ही डोळ्यांना प्लसचा नंबर होता, उजव्याला थोडा, डाव्याला जास्त. प्लस नंबर असलेलं लहान मूल डोळ्याच्या आतल्या स्नायूला ताण देऊन फोकस जुळवून घेतं, लहानपणी ती ताकद भरपूर असते. पण हा ताण दोन्ही डोळ्यांना सारखाच दिला जातो, एकाला कमी एकाला जास्त असं करता येत नाही. उजवा डोळा स्पष्ट झाला की मेंदूचं काम भागलं, तो तिथेच थांबतो. डावा तसाच धूसर राहतो, रोज, वर्षानुवर्षं. मेंदूला एका बाजूने स्वच्छ चित्र आणि दुसऱ्या बाजूने धूसर चित्र येत राहिलं की तो धूसर चित्राकडे लक्ष देणंच सोडून देतो. डोळ्यात बिघाड काही नसतो, बघायची सवयच तयार होत नाही. म्हणून योग्य नंबर पुढे ठेवला तरी पहिल्या दिवशी त्या डोळ्याला स्पष्ट दिसत नाही. आणि इथेच पालकांचा विश्वास डळमळतो, चष्मा चुकलाय असं वाटून तो कपाटात जातो.

कॉम्प्युटरवर नंबर लगेच येतो ना, मग ड्रॉप्स टाकायला डॉक्टरकडे कशाला पाठवता?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. थोडं सविस्तर लिहिते.

मशीनमध्ये हनुवटी टेकवून आत चित्र बघायचं असतं. मशीनमधली व्यवस्था अशी असते की नजर सैल पडावी, लांब बघितल्यासारखी. मोठ्या माणसाची पडते, लहान मुलाची पडेलच असं नाही. समोर डब्बा आहे हे त्याला कळतं, मग ते जवळ बघितल्यासारखा फोकस ताणतं आणि मशीन तो ताणसुद्धा नंबरात धरते. परिणाम असा की प्लस नंबर कमी दिसतो, आणि कधी नंबर नसलेल्या मुलाला मायनस नंबर दाखवते.

त्याच मुलीचं बघा. आमच्या मशीनवर उजवा +०.२५ आणि डावा +२.७५ आला. डॉक्टरांनी ड्रॉप्स टाकून तो स्नायू सैल केला आणि परत मोजलं तेव्हा उजवा +१.२५ आणि डावा +४.७५. मशीनच्या आकड्यावर चष्मा दिला असता तर गरजेपेक्षा खूप कमी नंबर गेला असता आणि आळशी डोळा तसाच राहिला असता. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी सारखे सव्वा कमी करून चष्मा लिहिला, म्हणजे उजव्याला शून्य आणि डाव्याला +३.५०. आई दुकानात येऊन म्हणाली की एका बाजूला नंबरच नाही, चिठ्ठी चुकली वाटतं. चुकली नव्हती. उजवा डोळा तेवढा सव्वा स्वतःच जुळवतो आणि ताण दोन्हीकडे सारखा जात असल्यामुळे डाव्यालाही तेवढीच मदत होते. दोन डोळ्यांमधला साडेतीनचा फरक मात्र काचेनेच भरून काढावा लागतो.

उलटी चूकही बघितली आहे. दहा वर्षांचा मुलगा आला, कुठल्यातरी घाईच्या शिबिरात नुसत्या मशीनवरून -१.०० चा चष्मा मिळालेला, घातला की कपाळ दुखतं म्हणून आई वैतागलेली. ड्रॉप्स टाकून मोजलं तर नंबर +०.५०. त्याला चष्म्याची गरजच नव्हती, उलट चष्म्यामुळे तो दिवसभर जास्त ताण देत होता. म्हणून आम्ही मशीनवरच्या पहिल्या आकड्यावरून लहान मुलाचा चष्मा बनवत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

ते ड्रॉप्स सुरक्षित आहेत का? दुसऱ्या दिवशी शाळेत जाता येईल?

हे ड्रॉप्स डॉक्टरच टाकतात, आमच्या दुकानात टाकत नाही, मोफत आठवड्यातही नाही. थोडं झोंबतं. बाहुली मोठी होते, उजेड सहन होत नाही आणि जवळचं धूसर दिसतं. हे किती वेळ राहतं ते औषधावर आहे. सायक्लोपेंटोलेट असेल तर साधारण एका दिवसात उतरतं, होमॅट्रोपिन असेल तर एक ते तीन दिवस लागतात. अगदी लहान किंवा तिरळ्या मुलाला डॉक्टर कधी अॅट्रोपिन लिहून देतात, ते घरी काही दिवस आधीपासून घालायचं असतं आणि त्याचा परिणाम एक-दोन आठवडे टिकतो. म्हणून परीक्षेच्या तोंडावर जाऊ नका, चवथीची नाहीतर दिवाळीची सुट्टी बघून जा, आणि परत येताना टोपी असू द्या. ड्रॉप्सनंतर तोंड लाल होऊन ताप आला किंवा मूल वेगळंच बडबडायला लागलं तर लगेच डॉक्टरांना कळवा, असं क्वचित होतं पण माहीत असलेलं बरं.

कुठे जायचं विचाराल तर तुमचे नेहमीचे डोळ्यांचे डॉक्टर असतील तर तिथे, नाहीतर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात डोळ्यांचा विभाग आहे. मी चिठ्ठीवर दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी नजर लिहून देते, ती डॉक्टरांना दाखवा.

मग तुमच्या मोफत तपासणीत नक्की काय होतं?

आधी प्रत्येक डोळ्याची लांबची नजर वेगळी बघतो. आमचं दुकान लहान आहे, सहा मीटर जागा नाही, म्हणून तक्ता आरशातून दाखवतो, तीन मीटर जाऊन तीन मीटर परत असे सहा होतात. आता झाकायला हात वापरत नाही, चिकटपट्टी लावतो, कारण हाताच्या फटीतून मुलं बघतातच आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. मग भोकाची चकती, मग दोन डोळे एकत्र काम करतात का ते बघायला एकेक डोळा आळीपाळीने झाकून दुसरा हलतो का ते बघतो. मग मशीन. जुना चष्मा असेल तर त्याचा नंबर आणि काचा बरोबर बसल्यात का तेही बघतो. एका मुलाला पंधरा-वीस मिनिटं जातात.

सहा वर्षांच्या पुढच्या मुलाची एकाही डोळ्याची नजर ६/९ पेक्षा कमी असेल किंवा दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक असेल तर आम्ही डॉक्टरांकडे पाठवतो. पाच वर्षांच्या मुलाला थोडी सूट देतो, पण फरकाला सूट नाही. एक डोळा ६/६ आणि दुसरा ६/१२ वाचत असेल तर दुसरा "चालेल एवढा बरा" म्हणून सोडून देत नाही.

डोळ्याचा पडदा आम्ही बघत नाही. आमच्याकडे सगळं ठीक आलं म्हणजे डोळ्याला कुठलाच आजार नाही असं त्यावरून समजू नका.

माझ्या मुलाला एबीसीडी नीट येत नाही, तो काय वाचणार?

काहीच वाचायला नको. इंग्रजी ई चा तक्ता असतो, ई च्या दांड्या वर, खाली, डावीकडे की उजवीकडे एवढंच हाताने दाखवायचं. घरी जेवणाच्या काट्याने खेळून या, काट्याची टोकं जिकडे तिकडे हात. अक्षरं येणाऱ्या मुलांनाही मी दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तक्ता बदलते, कारण पोरं एका वाचनात ओळ पाठ करतात आणि मग आंधळेपणानेही ६/६ म्हणून दाखवतात.

शाळेत डोळे तपासून गेलेत, परत कशाला?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, जो २०१३ पासून आहे, टीम शाळांत येऊन मुलांना बघतात आणि त्यात नजरही असते. ते काम चांगलं आहे आणि तिथून कागद आला असेल तर तो बाजूला ठेवू नका. मुलाला फक्त एक विचारा, तुझा एकेक डोळा झाकून बघितलं का, आणि झाकलं कुणी, तू की त्यांनी? स्वतःच्या हाताने झाकला म्हणाला तर परत एकदा बघून घेतलेलं बरं.

चष्मा लागला तर तुमच्याकडूनच घ्यावा लागेल?

नाही. माझं दुकान चष्मे विकूनच चालतं, हे लपवायचं काही कारण नाही, पण चिठ्ठी तुमची आहे. त्यावर दोन बाहुल्यांमधलं अंतरही लिहून देते म्हणजे दुसरीकडे केलात तरी अडायला नको. कुठेही करा, एवढं बघा की काच पॉलीकार्बोनेटची असू दे, ती सहज फुटत नाही, आणि फ्रेम नाकावरून घसरता कामा नये. आपल्याकडच्या घामात ढिली फ्रेम दहा मिनिटांत खाली येते आणि मूल काचेच्या वरून बघत राहतं, मग तो चष्मा घालून न घातल्यासारखाच.

त्या मुलीचं पुढे काय झालं? पट्टी लावावी लागली का?

लागली, पण लगेच नाही. आधी फक्त चष्मा, पूर्ण वेळ, आंघोळ आणि झोप सोडून. पहिले काही दिवस ती म्हणायची यातून काही वेगळं दिसत नाही, आणि ते खरंच होतं, उजव्या डोळ्याने तिला आधीपासून छान दिसत होतं. सहा आठवड्यांनी डावा डोळा ६/१८, चार महिन्यांनी ६/१२. नुसत्या चष्म्याने एवढं होतं. पुढे मात्र तो तिथेच अडला, तेव्हा डाव्याला काम करावंच लागावं म्हणून डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी सांगितली.

दोन तास ऐकून आईला वाटलं कमी आहेत, जास्त लावली तर लवकर होईल. मध्यम आळशी डोळ्यासाठी रोज दोन तास आणि सहा तास यांची तुलना अमेरिकेत करून बघितली होती, २००३ साली ती छापून आली, चार महिन्यांनी दोन्ही गटांत सुधारणा सारखीच निघाली. तेव्हा स्वतःहून तास वाढवायची गरज नाही, सांगितलेले तास मात्र चुकवू नका.

पट्टी कातडीवर चिकटवायची आणि वरून चष्मा. काचेवर चिकटवली तर बाजूने डोकावता येतं. तिची शाळा दीडच्या सुमाराला सुटायची, घरी येऊन लगेच पट्टी लावली की घामाने खाज सुटायची आणि ती ओढून काढायची, दोन आठवडे रोज रडारड. मग आईने वेळ बदलली, संध्याकाळी आंघोळ झाल्यावर, पंख्याखाली, होमवर्क आणि चित्र रंगवणं त्याच वेळात. जवळचं बारीक काम त्या डोळ्याकडून करून घेतलेलं चांगलंच. पाच महिन्यांत ६/९ झालं. पट्टी बंद झाली तरी ती तपासणीला येते, कारण काही मुलांची नजर परत घसरते.

पट्टी अजिबात न ठेवणाऱ्या मुलांसाठी चांगल्या डोळ्यात अॅट्रोपिन घालून तो मुद्दाम धूसर करायचा मार्गही आहे, पण तो डॉक्टरच ठरवणार.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, आता उशीर झाला का?

सातच्या आत सापडलं तर सगळ्यात सोपं जातं. पण बारा म्हणजे दार बंद असं समजू नका, मोठ्या मुलांमध्येही काहींची नजर सुधारते, विशेषतः आधी कधीच उपचार झाले नसतील तर. किती सुधारेल ते आधी सांगता येत नाही. आणि नाही सुधारली तरी एका डोळ्यावर सगळं चाललंय हे कळलेलं असणं कामाचं आहे, चांगला डोळा जपता येतो.

चष्मा लावला की नंबर वाढत जातो म्हणतात?

चष्म्याने वाढत नाही. मायनस नंबर मूल वाढतं तसा वाढतो कारण डोळा लांबीला वाढतो, चष्मा न लावल्याने ते थांबत नाही. रोज दोनेक तास बाहेर उजेडात खेळल्याने मायनस नंबर लागायचा धोका कमी होतो, एवढं मात्र खरं आहे.

तुमच्याकडे येण्याआधी घरी काही बघता येईल का?

येईल. भिंतीवरचं कॅलेंडर दिवसा चांगल्या उजेडात ठेवा, मुलाला दहा फुटांवर बसवा. मऊ रुमालाची घडी करून एका डोळ्यावर ठेवा, दाबू नका, बोटं नकोत. तारखेखालची बारीक अक्षरं किंवा छोटे आकडे विचारा, ओळीने नाही, कुठलेही. मग दुसरा डोळा, आणि वेगळे आकडे. किती बारीक वाचलं हे महत्त्वाचं नाही, दोन डोळ्यांत फरक पडतो का ते बघा. आणि मुलाच्या तोंडाकडे बघा, एकच डोळा झाकल्यावर ते हात ढकलतं, मान फिरवतं, कंटाळतं का?

आठवड्याची वाट न बघता लगेच कधी जायचं?

फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल दिसते आणि दुसऱ्याची परत परत पांढरी येते, डोळा अचानक तिरळा झाला, डोळ्याला मार लागला, एकाएकी दिसणं कमी झालं, यातलं काहीही असेल तर आमच्याकडे येऊच नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे किंवा इस्पितळात जा.

कधी येऊ आणि काय आणू?

जमलं तर शाळेतून येऊन जेवून, थोडी झोप काढून साडेतीन-चारला या. ट्यूशन संपवून साडेसहाला आलेलं मूल दमलेलं असतं आणि चांगल्या डोळ्यानेही अर्धवट वाचतं. जुना चष्मा असेल तर आणा, मोडका असला तरी. आधीच्या चिठ्ठ्या आणा. आईबाबांपैकी कुणाला लहानपणी तिरळेपणा, आळशी डोळा किंवा मोठा प्लस नंबर होता का ते घरी विचारून या. आणि बरोबर धाकटी भावंडं असतील तर त्यांनाही खुर्चीवर बसवू, वेगळी नोंदणी नको.